शेवंता सिस्टरची तीन कोटेशनं

गणिताचा मास्तर आहे मी, आणि माझ्यासमोर कोणी बेरीज-वजाबाकी करून दाखवायला लागलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगतो, कारण पुढे माझीच फजिती आहे आणि ती मी लपवणार नाही.

शेवंता सिस्टर जळगावच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत होत्या. आम्ही एकाच चाळीत शेजारी. मी त्यांना अक्का म्हणायचो, त्या मला मास्तर. नवरा लवकर गेला, एकुलती लेक लग्न होऊन साक्रीला. अठरा वर्षं बाई भाड्याच्या एका खोलीत राहिल्या. अडुसष्टच्या दिवाळीनंतर घरमालकानं सांगितलं, "सिस्टर, पोराचं लग्न काढलंय. अखाजीला खोली मोकळी करा." म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतच मुदत.

अक्कांनी गावाबाहेर एक प्लॉट आधीच घेऊन ठेवला होता. फंडातून उचल केली, सोन्याची पोत मोडली, आणि सात हजार उभे राहिले. वर एक पैसा नाही. दोन खोल्या, पुढे ओटा, वर स्लॅब. पैसे मध्येच संपले तर? आमच्याच रस्त्यावर एकाचं तसं झालं होतं. भिंती उभ्या, छत नाही, आत निंबाचं झाड माणसाएवढं वाढलेलं. अक्का रोज त्या घरावरून दवाखान्यात जायच्या.

तीन ठेकेदारांचे कागद आले. झुलाल मिस्त्रीचा साडेपाच हजारांचा, एक पान. धुळ्याच्या पितांबर ठेकेदाराचा सहा हजार दोनशेचा. आणि हीरालालशेठचा सहा हजार आठशे पन्नासचा, चांगली चार पानं.

"यात विचार कसला करायचा?" मी म्हटलं. "तेराशे पन्नास रुपये वाचतात! झुलाल माझ्या ओळखीचा आहे, रविवारी विसार देऊन टाका. हीरालालशेठनं चार पानं लिहिली, शाईचे पैसेसुद्धा तुमच्याकडूनच घेणार तो."

"बघते," अक्का म्हणाल्या.

हे 'बघते' ऐकून मला राग आला. आकडे समोर आहेत, बघायचं काय त्यात? पण अक्कांची सवय वेगळी. ऑपरेशनच्या वेळी किती बोळे, किती चिमटे काढले ते त्या आधी मोजायच्या, आणि पोट शिवण्याआधी पुन्हा मोजायच्या. एक कमी भरला की मोठा डॉक्टरसुद्धा सुई हातात धरून थांबायचा.

आठवडाभर त्यांनी काय केलं? आधी कौतिक नावाच्या मजुराकडून प्लॉटवर एक खड्डा खणून घेतला. काळी माती संपून मुरूम लागला तो साडेचार फुटांवर. मग सुताराकडे गेल्या, फरशीवाल्याकडे गेल्या, पाण्याच्या गाडीवाल्याकडे गेल्या, आणि प्रत्येकाचा भाव विचारून आल्या. मी मनात म्हटलं, बाईला वेड लागलं.

रविवारी मी झुलालला घेऊन प्लॉटवर गेलो. तो हौसेनं नारळ घेऊन आला होता. बघतो तर अक्कांनी राखेनं अख्खं घर जमिनीवर आखलेलं, आणि तिन्ही कागद हातात.

"झुलालभाऊ, चला, घरात जाऊ," त्या म्हणाल्या, आणि राखेच्या रेघांमधल्या दाराच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. "दार उघडा."

झुलाल हसला. "चौकट शे ना अक्का, लिखेल शे."

"चौकट शे. दार कोठे शे?"

झुलालनं कागद पाहिला. कागदावर चौकटीच होत्या. दारं नाहीत, खिडक्यांची झडपं नाहीत.

"ते मालकनं ऱ्हास," तो हळूच म्हणाला. म्हणजे दारं-झडपं मालकानं करायची.

"बरं. आता मी आत उभी आहे. पायाखाली काय आहे?"

फरशी नव्हती. फरशीखाली जोत्यात घालायचा मुरमाचा भरावही नव्हता. बाहेरच्या भिंतीला गिलावा नव्हता. आणि पाया लिहिला होता तीन फूट. म्हणजे घर काळ्या मातीवरच बसणार. उन्हाळ्यात जमीन फाटली की भिंतही फाटणार. अक्का एकेक वस्तू विचारत गेल्या आणि तिचा भाव कडेला लिहीत गेल्या. सतराशे झाले! साडेपाच हजारांचं घर सात हजार दोनशेवर गेलं, आणि मी उगाच चष्मा पुसायला लागलो.

"पितांबर ठेकेदाराचं काय?" मी विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

"त्यांनी दारं दिलीत, गिलावा दिलाय. पण फरशी नाही, भराव नाही, पाया अर्धा फूट कमी. आणि स्लॅबखाली लावायच्या फळ्या-बल्ल्यांचं भाडं आपल्यावर टाकलंय. ते सगळं धरलं की सात हजार एकशे तीस."

"मग शेठच बरा म्हणायचा!"

"थांबा मास्तर. शेठनी सगळं धरलंय, पण पाया सहा फूट धरलाय. मुरूम साडेचारला लागतो. दीड फुटाचे तीनशे जास्त आहेत."

आणि शेवटी त्यांनी जे काढलं त्यानं तर मी गारच झालो. पाणी! तिन्ही कागदांत पाणी नव्हतं. आपल्याकडे पाणी मालकानंच द्यायचं, ही जुनी रीत. घराशेजारी विहीर असते, कोणी लिहीत नाही, कोणी विचारत नाही. पण या प्लॉटवर विहीर कुठे? स्लॅब ओतल्यावर त्यावर आळी बांधून दोन-तीन आठवडे पाणी साठवायचं, भिंती भिजवायच्या, ते पाणी बैलगाडीनं आणायचं. एकशेवीस रुपये. तिघांच्याही आकड्यात सारखेच घातले.

झुलाल खाली बसला. मला वाटलं, आता भांडणार. पण तो म्हणाला, "अक्का, म्हनीसनच मनं दरसाल नुकसान व्हस." म्हणजे बिचारा लबाड नव्हता! वस्तू विसरून आकडा कमी सांगायचा, अर्ध्या कामावर मालकाशी भांडायचा आणि शेवटी पदरचे घालायचा. अक्कांनी त्याचा नारळ तिथेच फोडला, अर्धा त्याच्या हातात दिला आणि आपली यादीही दिली. "पुढच्या घरापासून ही समोर ठेवून लिहा," म्हणाल्या.

हीरालालशेठकडे आम्ही दोघं गेलो. शेठ आधी तापला. "सिस्टर, सहा फूट मी जपून धरलाय! मुरूम नाही लागला तर?"

"जेवढा खणाल तेवढा मोजून पैसे. कमी लागला तर वाचलेले माझे, जास्त लागला तर वरचे तुमचे. आणि कागदावर लिहा, पाणी मालकाचं."

शेठनं त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मास्तर, हिशेब शिकवता तुम्ही ना?" असं म्हणून हसत हसत सही केली. मेला!

पाया साडेचार फुटांवरच थांबला. सगळं मिळून, पाण्यासकट, सहा हजार सहाशे सत्तर. अखाजीच्या चार दिवस आधी नव्या घरात बुद्धवंदना झाली, खिरीचं पातेलं फिरलं, साक्रीहून लेक आली. लोक गेल्यावर मी अक्कांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "अक्का, माझं ऐकलं असतं तर आज तुम्ही छताविना बसला असता. मी चुकलो." बावीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

अक्कांचे डोळे भरून आले. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मास्तर, अठरा वर्षांत भिंतीला एक खिळा ठोकायचा तर मालकाला विचारावं लागायचं. आज सकाळी मी सात ठोकलेत. काही टांगायचं नव्हतं. उगाच ठोकले."