थांबलं का बघू!

...आणि मग मालकांनी तिसऱ्यांदा फडकं उचललं. "थांबलं का बघू," म्हणाले, आणि जे रक्त जरासं थांबू लागलं होतं ते पुन्हा भळाभळा सुरू झालं. मालकांचं झाल्यावर कारखान्यातला पॉलिशवाला वाकला. त्यालाही बघायचंच होतं! लोकांना उकळतं दूध आणि दुसऱ्याची जखम झाकून ठेवली की चैन पडत नाही.

शेवटी गादी ओरडला, "अहो, प्रदर्शन आहे का हे? हात काढा सगळ्यांनी!" आणि स्वतःच डाव्या हाताचा अंगठा उजव्या मुठीत गच्च आवळून भिंतीला टेकून बसला.

काल हे ऐकताना ज्यांचा डोळा लागला त्यांच्यासाठी सांगतो. गादी म्हणजे माझा भाचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, एकुलता एक मुलगा. रांगायला लागला तेव्हा त्याच्या गुडघ्यांवर मोठाले निळे डाग उठायचे. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, याला हिमोफिलिया आहे. आजाराचं नाव अक्काला नवीन होतं, भीती जुनी होती. आमचा मधला भाऊ लहानपणी दात काढल्यावर गेला. रक्त थांबायचं, पुन्हा यायचं, थांबायचं, पुन्हा यायचं. तेव्हा कुणाला काही कळलंच नाही. हा दोष आईकडून मुलात येतो. मधल्याच्या वाट्याला आला, माझ्या आला नाही, आणि अक्काच्या रक्तात गुपचूप बसून राहिला तो तिच्या पोरात उतरला.

मग काय, अक्कानं पोराच्या विजारींना गुडघ्यांवर कापूस भरून ठिगळं शिवली. कोपरांनाही शिवली. शाळेतली पोरं त्याला गादी म्हणू लागली. दुसरा एखादा रडला असता. हा म्हणायचा, "बसून दाखव माझ्यावर, मग सांगतो गादी कशी टोचते!" घरात कात्री कुलपात, सुरी फळीवर. तर या पठ्ठ्यानं मोठा होऊन कुठलं काम धरावं? वेताच्या खुर्च्या विणायचं! दिवसभर सुरीनं वेत तासायचा, भिजवायचा, ओढून ओढून विणायचा. कामावर लागताना मालकांना त्यानं तोंडावर सांगितलं होतं, "माझं रक्त लवकर थांबत नाही." मालक म्हणाले, "कुणाचं थांबतं बाबा? कामाला लाग."

आणि आता त्याची सुरी वेताच्या गाठीवरून निसटून अंगठ्याच्या मुळाशी खोल घुसली होती.

मुठीत आवळून धरल्यावर हळूहळू रक्त थांबलं. कारखान्यात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मालकांनी चहा मागवला. पण गादी म्हणतो, "मालक, रिक्षा बोलवा. हे थांबणं खोटं आहे."

"अरे, थांबलंय की! चांगलं दिसतंय मला."

"तुम्हाला दिसतंय ते वरचं. संध्याकाळपर्यंत पुन्हा सुटेल. मोठ्या दवाखान्यात चला, मला माझं औषध टोचून घ्यायचंय."

मालकांनी त्याला चहा पाजला, पंख्याखाली बसवला, वर "उगाच घाबरतोस" म्हणून दटावलं. सूर्य कलला आणि फडकं पुन्हा लाल व्हायला लागलं. तेव्हा घाबरायची पाळी मालकांची होती. अनवाणीच धावले रिक्षा आणायला!

दवाखान्यात अक्का आणि मी पोचलो तेव्हा गादीच्या हाताला पट्टी होती आणि शिरेतून औषध आत जात होतं. रक्ताच्या विभागातल्या बाई डॉक्टर त्याला लहानपणापासून ओळखणाऱ्या. मालक त्यांच्यासमोर पडेल चेहऱ्यानं उभे. "बाई, माझ्या डोळ्यांदेखत थांबलं होतं हो!"

"थांबलंच होतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही खोटं बोलत नाही. कापलं की आधी रक्तवाहिनी स्वतःला आवळून घेते. मग रक्तातल्या बारीक बारीक चकत्या, प्लेटलेट्स, फाटलेल्या कडेला चिकटतात, एकमेकींना चिकटतात आणि भोकात बोळा बसतो. हे याच्यातही नीट होतं. म्हणून बारीक ओरखडा याचाही तुमच्या-माझ्यासारखाच थांबतो. पण मोठ्या जखमेत नुसता बोळा टिकत नाही. त्याच्यावर धाग्यांची जाळी पडावी लागते."

"जाळी कोण टाकतं?"

"रक्तातलीच प्रथिनं. एक दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, अशी साखळी चालते आणि शेवटी धागे तयार होतात. त्या साखळीतलं आठ नंबरचं प्रथिन याच्या शरीरात जवळजवळ बनतच नाही. मग धागे उशिरा येतात, थोडे येतात, कच्चे येतात. काही तासांनी बोळा सुटतो. याचं रक्त जास्त जोरानं वाहत नाही, जास्त वेळ वाहतं. आता ते आठ नंबरचं बाहेरून दिलंय."

गादी पलंगावरून म्हणाला, "कळलं का मालक? पेंढा भरलाय, वीण पडलेली नाही. अशा खुर्चीवर गिऱ्हाईक बसवाल?"

मालक काही हसले नाहीत. चपला नव्हत्याच, तरी पाय वाजवत अक्काला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, "ताई, पोरगा हिऱ्यासारखा आहे. पण उद्यापासून कामावर पाठवू नका. माझ्या छातीत धडधड होते."

अक्काला तेच हवं होतं. घरी आल्याबरोबर तिनं त्याच्या पिशवीतली सुरी काढून पिठाच्या डब्यात खुपसली.

"आई," गादी म्हणाला, "सुरी लपवशील, गुडघा कुठं लपवशील?"

बोलला ते खरंच होतं. सुरीनं त्याला एकदाच कापलं. गुडघ्यात मात्र वर काही न दिसता आतल्या आत कितीदा तरी रक्त साचलं होतं, आणि तेही घरात, गादीवर बसल्या-बसल्या. एकदा तर सूज उतरावी म्हणून अक्कानंच तो तेल लावून रगडला होता आणि दुप्पट फुगवून ठेवला होता. बाईंनी तिला बजावलं होतं, सुजलेल्या सांध्याला मालिश नाही, शेक नाही. बर्फ, विश्रांती आणि औषध. आणि एरवी पोराला हलू द्या, स्नायू बळकट असले तर सांधा सांभाळतात. अक्काला बर्फ तेवढा आठवत होता.

पट्टी होती तेवढे दिवस गादी रोज दवाखान्यात जाऊन बसला. मला वाटलं मलमपट्टीला जातोय. तो स्वतःच्या शिरेत सुई घालायला शिकत होता! रक्त येईपर्यंत थांबायचं नाही, दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आधीच टोचून घ्यायचं, असं बाईंनी आणि त्यानं ठरवलं होतं. जखम भरल्यावर एका सकाळी त्यानं पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, सुरी काढली, झटकली, आणि पांढऱ्या हातानंच निघाला. अक्का दारात आडवी उभी. तो तिच्या खांद्याला पीठ लावून बाजूनं सटकला. अक्का मला म्हणाली, "बघत काय उभा राहिलास, जा की त्याच्याबरोबर!" म्हणून मी गेलो.

कारखान्यात त्याची खुर्ची तशीच पडून होती, अर्धी विणलेली, वेताच्या पट्ट्या लोंबत असलेली. मालकांनी त्याला पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. "नाही म्हणजे नाही. घरी जा."

गादीनं शर्टाची बाही वर सारली. हात धुतले. टेबल पुसलं. पिशवीतून कुपी काढली, पावडरीत पाणी सोडलं, न हलवता अलगद गोल फिरवली. पट्टा बांधला, शीर शोधली, सुई घातली. पॉलिशवाला पुढे सरकला आणि पुन्हा मागे झाला. औषध सावकाश आत गेलं. सुई काढून गादीनं वर कापूस दाबला.

मालकांचा हात आपोआप पुढे आला. "थांबलं का ब..."

"हात मागे!"

मालकांनी हात खिशात घातला. सगळेजण कापसाकडे बघत उभे. बऱ्याच वेळानं गादीनंच तो उचलला. खाली एक टिंब, लाल, कोरडं.

मालक खाकरले. आवाज पहिल्यासारखा चढा नव्हता. "आज ठीक आहे रे. पण उद्या परत सुरी लागली तर? तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

गादीनं उंच स्टूल ओढून घेतलं, गुडघा सावरून बसला, आणि लोंबणारी पट्टी हातात घेत म्हणाला,

"सुरी लागली तर मी दाबून धरीन, तुम्ही रिक्षा बोलवा, आणि फडकं कुणी उचलायचं नाही. रक्त माझं, सुई माझी. खुर्ची तुमची आहे आणि ती अर्धी राहिलीय. आता उजेडातून बाजूला व्हा, मला विणायचंय."