गावच्या नंबरावरून

बड्या बाजारातल्या ज्या दुकानात मी सोन्याची गलाई करतो, म्हणजे भट्टीत नि ॲसिडात सोनं शुद्ध करतो, तिथं मला मामांनी आणलं. शाळा सातवीतच सुटलेली. गावाकडून इतक्या लांब झाशीला आणून त्यांनी हातात हुन्नर दिलं, ते उपकार मी विसरणार नाही. म्हणूनच त्यांना ‘नाही’ म्हणताना मला जड जातं.

जुना फोन भट्टीशेजारच्या पाण्याच्या बादलीत पडला. नवा घेतला, दोन्ही सिम टाकली, तर बँकेचं ॲप ओळखच दाखवेना. या फोनची पुन्हा नोंदणी करा, म्हणालं. खात्याला जोडलेल्या नंबरावरून मेसेज जायला हवा होता. तो नंबर गावचा. मी तेच सिम निवडलं. मेसेज गेला नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

मामा हसले. “अरं, ॲसिडानं तुझ्या बोटांवरच्या रेघा गेल्यात. आधारच्या मशीनला तुझा अंगठा कळत न्हाई, ॲपला तू काय कळणार? ते सिम माझ्या फोनात टाक. पिन सांग. पैसे कुणाला धाडायचे ते मला सांगत जा.”

त्यांच्या मनात खोट नव्हती. पण मग बायकोला पैसे पाठवायचे तरी मामांना विचारून?

“नको मामा,” मी म्हणालो.

“मग बस रडत!”

रडलो नाही. चार दुकानं सोडून मोबाईलवाल्याकडे गेलो. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, “भैया, इसमें पैक ही खत्म है। मैसेज जाएगा कैसे?”

चूक कळली. रिचार्ज मी नेहमी झाशीच्या नंबराला मारायचो, नेट त्यावरच. गावच्या नंबरावर आईचे फोन अजून येत होते, म्हणून तो चालू आहे असं धरून बसलो होतो. येणं चालू होतं, जाणं बंद.

रिचार्ज मारला. या वेळी मेसेज गेला. ॲपनं एटीएम कार्डाचे आकडे आणि पिन मागितला.

“लाओ, मैं डाल दूँ,” मोबाईलवाल्यानं हात पुढं केला.

“नहीं जी. हम डालेंगे.”

त्याच्याकडे पाठ केली. एकेक आकडा मीच दाबला, ॲपचा नवा पिनही मीच ठरवला. पहिल्या दिवशी थोडीच रक्कम जाईल, असं ॲपनं बजावलं. जाऊ दे थोडी.

दुकानात येऊन मामांच्या समोरच, जातो का ते बघायला, बायकोला एक रुपया पाठवला. लगेच तिचा फोन.

“एकच?”

“आज एवढाच. पण मी पाठवलाय.”

मामांनी मान वर केली नाही. “भट्टी पेटव,” म्हणाले.

पेटवली. फोन मात्र माझ्याच खिशात होता.