पद्मजाच्या दाखल्याचं शेवटचं वर्ष

पिंगळीच्या स्टेशनापासून सायकलवर दहा मिनिटांवर कापसातली सरकी काढायची एक जिनिंग आहे. पद्मजा तिथं बारा वर्षं कापसाच्या खरेदीच्या नोंदी करत होती. एम.कॉम. झालेली, नाकासमोर चालणारी, डबा उघडला की आधी दुसऱ्याला विचारणारी. अशा बाईला वयाच्या अडतिसाव्या वर्षी परीक्षेचं खूळ लागेल असं कुणाला वाटलं नव्हतं. तिचा नवरा योगीराज तर पहिले सहा महिने समजत होता की बायको मुलीचाच अभ्यास घेते आहे.

खूळ लावलं ते तिच्या कॉलेजच्या मैत्रिणीनं, निवेदितानं. ती पुण्यात एका कंपनीच्या जोखीम विभागात होती. ती म्हणाली, "नोंदी कुणीही करतं गं. नोंदी बरोबर होतील अशी व्यवस्था आहे का, हे बघणारी माणसं हवी असतात. सीआयए कर. म्हणजे अंतर्गत लेखापरीक्षकाची परीक्षा. मग सीएफई, ती अफरातफर शोधणाऱ्यांची."

"दोन्हींत फरक काय?"

"पहिली कड्याकुलपं नीट आहेत का ते बघते. दुसरी चोरी झाल्यावर माग काढते. झालीस की ये पुण्याला, आमच्या विभागात जागा असते."

तीन पेपर, तेही इंग्रजीतून. पद्मजा पहाटे उठायची, दुधाचं पातेलं गॅसवर आणि पुस्तक ओट्यावर. दूध कितीदा उतू गेलं याची नोंद तिनं ठेवली नाही, पण योगीराजनं ठेवली. केंद्र हैदराबादला, दुसऱ्या पेपरात सहाशे लागतात तिथं पाचशे अठ्ठ्याहत्तर पडले, तेव्हा परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून रडली. पुन्हा बसली. तिन्ही पेपर निघाले.

पण पेपर निघाले म्हणजे पदवी मिळाली असं नसतं. अनुभव लागतो, आणि नुसत्या नोंदी केल्याचा अनुभव चालत नाही. तपासणीचं काम हवं. पदव्युत्तर माणसाला एक वर्ष पुरतं, आणि ज्याच्या हाताखाली काम केलं त्यानं तसं लिहून द्यावं लागतं. सगळ्याला मुदत असते. पद्मजानं ती एकदा वाढवून घेतली होती, आता पुन्हा वाढणार नव्हती. संपली की तिन्ही पेपर पाण्यात.

म्हणून ती दत्तोपंतांकडे गेली. दत्तोपंत जिनिंगचे व्यवस्थापक. त्यांनीच तिला नोकरीला लावलं होतं, तिच्या लग्नात मुलीकडच्यांच्या पंगतीत वाढलं होतं. ते म्हणाले, "नोंदी दुसऱ्याला दे. तू आता गोदाम, फाटक, वजनकाटा तपास. जिथं तुझा हात नव्हता तेच तपास, म्हणजे कुणी बोलणार न्हाई." मालक किशनरावांनीही मान डोलावली.

आणि त्याच दिवशी दत्तोपंतांनी अनुभवाच्या दाखल्याचा फॉर्म मागवला, खाली झोकदार सही ठोकली आणि कोराच तिच्या हातात ठेवला.

"भर तुझ्या हातानं. मी आज हाय, उद्या न्हाई. तुझं अडायला नको."

माया आंधळी असते म्हणतात. दत्तोपंतांच्या मायेला तर वाचायचाही कंटाळा होता. पद्मजाचे डोळे भरून आले. तिनं फॉर्म कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. त्यात काही वावगं आहे हे तिला त्या दिवशी सुचलंही नाही.

अकरा महिने तिनं गोदामातल्या गाठी मोजल्या, फाटकावरची वही गाड्यांशी ताडली. बाराव्या महिन्यात वजनकाट्याची पाळी आली. हंगाम जोरात होता, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. काट्याच्या खोलीत, रजिस्टरांच्या मागं, रबर लावलेला पावत्यांचा गठ्ठा सापडला. कापसातल्या ओलाव्यापोटी किती वजन कापायचं त्याच्या पावत्या. सगळ्या कोऱ्या, आणि प्रत्येकीच्या खाली दत्तोपंतांची तीच झोकदार सही.

शेतकरी ताटकळू नये म्हणून त्यांनी सकाळीच सह्या करून ठेवायची पद्धत पाडली होती. हेतू साफ होता. पण पद्मजानं भरलेल्या पावत्या ओलावा मोजायच्या रजिस्टरशी ताडून पाहिल्या, तर तेवीस पावत्यांवर रजिस्टरापेक्षा जास्त कट्टी, म्हणजे वजनातली कपात, निघाली. कुणाचा तरी कापूस फुकट गेला होता.

ती दोन दिवस जेवली नाही. आणि तिसऱ्या दिवशी साडी काढताना हाताला तो फॉर्म लागला तेव्हा तो घेऊन ती पलंगावर बसली. दुसऱ्यांकडच्या कोऱ्या सह्यांवर ती अहवाल लिहायला निघाली होती, आणि एक तिच्याच कपाटात होती.

योगीराज म्हणाला, "तू काय खोटं भरणार हायस का? बारा महिने होतच आलेत की."

"ते त्यांनी लिहायचं असतं, मी न्हाई."

अहवाल मालकांकडे जाण्याआधी ज्याचा विभाग त्याला दाखवायचा, त्याचं म्हणणं सोबत जोडायचं, ही रीत ती शिकली होती. ती दत्तोपंतांसमोर बसली. आधी अहवालाचा कच्चा मसुदा ठेवला, मग त्यावर कोरा फॉर्म.

"काका, हे परत घ्या. माझ्याकडंपण तुमची कोरी सही व्हती."

दत्तोपंतांनी मसुदा वाचला. कुणी खाल्लं, कुणाचा दोष, असा एक शब्द त्यात नव्हता. सीएफईच्या पुस्तकात तिनं वाचलं होतं, पुरावा मांडावा, अपराधी कोण ते आपण ठरवू नये. किती पावत्या, कुठल्या तारखा, किती फरक, एवढंच.

"मी कापूस खाल्ला असं म्हणायलीस का?"

"न्हाई काका. तुमच्या सहीवर कुणी तरी खाल्ला, एवढंच दिसायलंय."

त्यांनी कोरा फॉर्म टरकन फाडला आणि उठून गेले. मुदतीला नऊ दिवस उरले होते. पद्मजा घरी आली आणि मुलीच्या वेणीत तोंड खुपसून बराच वेळ बसून राहिली. परीक्षेचं दुःख तिला होतंच, पण त्याहून जास्त, आपण आपल्या माणसाला दुखावलं याचं होतं.

दोन दिवस दत्तोपंतांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला बोलावलं. मसुद्याला त्यांचं म्हणणं जोडलेलं होतं: निरीक्षण मान्य, उद्यापासून ओलावा मोजल्यावरच सही, तेवीस शेतकऱ्यांना फरक परत. मग त्यांनी नवा फॉर्म पुढ्यात ओढला आणि हजेरीचं रजिस्टर उघडलं.

"तपासणीला कवा लागलीस?"

"गेल्या साली याच महिन्यात, दहा तारखेला."

"तेरा. तीन दिवस तू नोंदी सोपवत व्हतीस." त्यांनी चष्मा वर केला. "म्हंजे वर्ष अजून झालं न्हाई. तीन दिवसांनी ये."

पद्मजाला हसावं की रडावं कळेना. मुदतीला सहा दिवस होते, बसत होतं.

तेरा तारखेला संध्याकाळी त्यांनी फॉर्म एकेक ओळ मोठ्यानं वाचत, मोठ्या इंग्रजी अक्षरांत भरला. कोणतं काम केलं या रकान्यात गोदाम, फाटक लिहून झालं. मग त्यांनी पुढं लिहिलं: वजनकाट्यावर व्यवस्थापकाच्या कोऱ्या सह्या शोधल्या, आणि व्यवस्थापकाला तोंडावर सांगितलं.

त्यांनी खाली सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. "जा आता पुण्याला," ते म्हणाले, आणि रुमाल शोधायला लागले.