ताटलीतल्या पपईच्या बिया

बाबा फोपनारच्या एका नर्सरीत पपईचं बी मोजून देतात. रिटायर झाल्यावरचा त्यांचा मानाचा उद्योग. या हंगामात ते म्हणू लागले की प्रत्येक पाकिटात बी कमी निघतंय. नर्सरीवाला बियाण्याच्या दुकानदाराशी भांडून आला. दुकानदार म्हणाला, म्हाताऱ्यालाच मोजता येत नसेल. माझं डोकं फिरलं. मी बुऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. म्हटलं, फोटोवरून मोजून दाखवते, मग बघू कोण खोटं ते.

पांढऱ्या ताटलीत पाकीटभर बिया पसरून वरून फोटो काढला. ओपनसीव्ही या फोटो तपासायच्या सॉफ्टवेअरात तो आधी करडा केला, मग उलटा थ्रेशोल्ड लावला, म्हणजे काळी बी पांढरी दिसते आणि ताटली काळी. प्रत्येक पांढऱ्या ठिपक्याची बाहेरची कडा म्हणजे एक कॉन्टूर; तेवढे मोजायचे. पहिल्यांदा आकडा कमी आला, कारण चिकटून पडलेल्या दोन बियांची मिळून एकच कडा धरली गेली. बिया सुट्या केल्या. आता आकडा पाकिटावरच्या आकड्याशी जुळला आणि बाबांच्या आकड्यापेक्षा जास्त झाला.

मला वाटलं, ताटलीच्या काठाची सावलीच बी म्हणून मोजली जातेय. दिवा हलवला, बारीक ठिपके गाळले. फरक तसाच. मग मी बाबांवर चिडले, जरा लक्ष देऊन मोजत जा म्हणून.

शेवटी फोटोवर प्रत्येक कॉन्टूरशेजारी क्रमांक छापला आणि म्हटलं, एकेका बीवर बोट ठेवून क्रमांक वाचा. ते वाचत गेले, मी खोडत गेले. मग त्यांनी हात मागे घेतला.

"झालं बेटा. इतकंच आहे, बस."

खोडायचे राहिलेले सगळे क्रमांक ताटलीच्या डाव्या बाजूचे होते.

तेव्हा मला त्यांचं जेवणाचं ताट आठवलं. कित्येक महिने ते चटणी-कोशिंबीर तशीच टाकून उठत होते, आणि आपल्याकडे ती डावीकडेच वाढतात. मी त्यांना सुनावलं होतं की या वयात नखरे करू नका. सावलीचा संशय घेऊन मी दिवा हलवत बसले, पण बाबांकडे एकदा नीट पाहिलं नाही. याची मला फार लाज वाटते.

डॉक्टर म्हणाले, मेंदूला कधीतरी छोटासा झटका येऊन गेलाय. दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसत नाही, आणि दिसत नाही हे त्यांना स्वतःलाही कळत नसणार. लवकर आणायला हवं होतं.

परतताना ऑटोत बाबा म्हणाले, त्या दुकानदाराला सांगून टाक, गलती माझी होती. मला हो सुद्धा म्हणवेना. त्यांनी उजवीकडे पाहिलं, थोडा वेळ वाट पाहिली आणि ऑटोवाल्याला विचारलं,

"भाऊ, पोरगी बसली ना?"

मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते.