हाताखालचा उतारा

राजापेठेत पहिल्या मजल्यावर शुभंकर सरांचा क्लास आहे. दहावीची पोरं तिथं शाळा सुटल्यावर येतात. त्यातली निम्मी शाळेपुरती येतात आणि निम्मी एका निवासी विज्ञान विद्यालयाच्या निवड परीक्षेसाठी. त्या विद्यालयात अकरावी-बारावी फुकट, राहणं-खाणं फुकट, आणि पुढचा रस्ताही बऱ्यापैकी साफ. त्यामुळे दर्यापूर, चांदूर रेल्वेकडचे बापसुद्धा पोरांना नातेवाइकांच्या घरी ठेवून सरांकडे पाठवतात.

सर दिसायला गरीब. चष्मा, फिक्या रंगाचा शर्ट, बोलण्यात साखर. वडील शाळामास्तर, आजोबा शाळामास्तर, म्हणजे खडू रक्तातच. पण वडिलांनी जन्मभर खडू झिजवून काय मिळवलं, ते सरांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून सरांनी शिकवण्यापेक्षा जिंकवण्याचा धंदा धरला. मी त्याला धंदाच म्हणतो, तुम्ही काहीही म्हणा.

त्यांची ख्याती एका युक्तीवर उभी होती. परीक्षेत विज्ञानाचा लांबलचक उतारा येतो, त्यात एक आलेख, एक तक्ता, आणि खाली प्रश्न. खेड्यातली पोरं उतारा वाचता वाचताच दमतात. सरांनी जुन्या प्रश्नपत्रिका चाळल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की प्रश्न काढणारे आळशी आहेत, बहुतेक उत्तरं नुसता आलेख पाहूनच निघतात. झालं! सरांनी नियम केला. डावा हात सपाट उताऱ्यावर ठेवायचा, आलेखाखालची बारीक ओळही बोटांनी झाकायची, आणि फक्त रेषा पाहायची. रेषा वर गेली की वाढ, खाली गेली की घट. कोणी हात उचलला की सर पट्टीनं बोटांवर मारत. फार जोरात नाही, पण सगळ्यांसमोर. पोरांमध्ये त्यांचं नाव 'हातवाले सर' पडलं होतं आणि सरांना त्याचा अभिमान होता.

आकांक्षाचा हात मात्र कधी उचलला जात नसे. दर्यापूरकडच्या खुशालरावांची ही मुलगी मामाकडे राहून शिकत होती. सांगितलेलं तंतोतंत करणारी. सर तिला उदाहरण म्हणून उभं करत. घरचा करार तिला ठाऊक होता: निवड झाली तर विज्ञान, नाही झाली तर गावच्या कॉलेजात आर्ट्स. विज्ञानाला तालुक्याला जावं लागतं आणि पोरीला रोज जीपमध्ये लोंबकळत पाठवायला खुशालराव तयार नव्हते. मागे धाकटा भाऊ किशोर होता, त्याचं शिक्षण आधी ठरलेलं. तेव्हा आकांक्षासाठी सगळा जन्म त्या एका परीक्षेत होता.

यंदा मात्र पेपर काढणारा बदलला. उतारा सोयाबीनच्या बियाण्याचा आला. आलेखात आडव्या अक्षावर साठवणीचे महिने, उभ्या अक्षावर नुसतं 'टक्के', आणि वर चढणाऱ्या दोन रेषा, एक ठळक, एक तुटक. प्रश्न साधा: सहाव्या महिन्यात कोणत्या रेषेचं बी पेरायला चांगलं? ठळक रेषा उंच होती. आकांक्षानं ठळक लिहिलं. पुढचे सगळे प्रश्न त्याच उत्तरावर उभे होते, ते सगळे कोसळले. तिची निवड थोडक्या गुणांनी हुकली. तिच्याच वर्गातला अद्वैत मात्र निवडला गेला. त्याचा हात असायचा उताऱ्यावर, पण बोटं फाकलेली.

निकालानंतरच्या रविवारी नव्या पालकांची सभा होती. अद्वैतचा फ्लेक्स दाराला लागला होता, जुनी पोरं मागच्या बाकांवर बसवलेली, पुढे नवे आई-बाप. तेवढ्यात खुशालराव पोरीला घेऊन आत आले. हातात प्रश्नपत्रिका.

"सर, रागावू नका," ते उभ्यानंच म्हणाले. "मले तं समजत नाही. पण माह्या पोरीचं चुकलं कुठं, तेवढं सांगा."

पेपर सरांनी आधीच पाहिला होता आणि चूक कुठली, कोणाची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण नवे पालक बघत होते. सरांनी खडू उचलला आणि फळ्यावर आलेख काढला.

"बघा खुशालराव. आलेख एकटा कधी वाचायचा नसतो. खालची ओळ काय सांगते? 'न उगवलेल्या बियांचं प्रमाण.' म्हणजे रेषा वर गेली तर बी खराब झालं. आणि तीच ओळ सांगते, ठळक रेषा ओलसर खोलीतल्या बियांची, तुटक कोरड्या खोलीतल्या. सहाव्या महिन्यात ठळक पंचेचाळीसवर, म्हणजे उगवलं फक्त पंचावन्न टक्के. तुटक वीसवर, म्हणजे उगवलं ऐंशी. आता उताऱ्यात या. तिथं लिहिलंय, सत्तरच्या खाली उगवण असलेलं बी पेरू नये. मग तक्ता बघा. ओलसर खोलीतल्या बियांत ओलावा चौदा टक्के, कोरड्यातल्यात नऊ. आलेख म्हणतो काय झालं, तक्ता सुचवतो का झालं, आणि उतारा सांगतो पुढे काय करायचं. तिन्ही एकत्र ठेवले की उत्तर: तुटक."

फार सुंदर समजावलं. इतकं चांगलं सरांनी आयुष्यात शिकवलं नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एका आईनं मान डोलावली. आकांक्षा फळ्याकडे बघत होती आणि तिला सगळं, अगदी सगळं समजत होतं.

खुशालराव तिच्याकडे वळले. "एवढं सोपं होतं? आपल्या घरी बी ठेवतो आपण. मंग तुले कावून नाही समजलं?"

"बाबा, मले वाटलं होतं," ती हळू म्हणाली. "बी जुनं झालं तं कमीच उगवते, मंग रेषा वर कशी जाऊन राहिली? मी खालची ओळ वाचनारच होती. पन सरांनी सांगितलं होतं, हात उचलाचा नाही. रेषाच पाहाची."

सरांना दोन शब्द बोलायचे होते: 'माझं चुकलं.' ते ओठांपर्यंत आले, मी खोटं का बोलू. पण समोर नवी बॅच बसली होती.

"मी?" सर हसले. "बेटा, आत्ताच मी काय समजावलं? अद्वैत, उभा राहा. मी कधी म्हटलं, उतारा वाचू नका?"

अद्वैतनं जमिनीकडे बघितलं. "नाही, सर."

"श्रावणी? तुला?"

"नाही, सर."

सरांनी एकेकाला उठवलं. कोणाला अजून बोर्डाचे वर्ग बाकी होते, कोणाचा भाऊ नव्या बॅचला येणार होता. सगळे 'नाही' म्हणाले. त्या पोरांच्या बोटांवर पट्टी बसलेली मला ठाऊक आहे, पण त्या दिवशी एकाच्याही तोंडून खरं निघालं नाही. मला अजून त्यांचा राग येतो, आणि सरांचा तर येतोच.

खुशालरावांचा चेहरा काळवंडला. पोर नापास झाली ते त्यांनी गिळलं असतं, पण भरल्या सभेत गुरूवर आळ घेतला! त्यांनी तिचा दंड धरला.

"लबाड पोट्टी. स्वतःचं झाकाले सरांचं नाव घेतं? माफी माग. म्हन, मी खोटं बोलली."

आकांक्षानं सरांकडे पाहिलं. तिला वाटलं असावं, आता तरी सर थांबवतील. सर खडूची पूड हातावरून झटकत होते.

"मी खोटं बोलली, सर," ती म्हणाली.

शुभंकर सर नव्या पालकांकडे बघून हसले.

"मोठ्यानं, बेटा. मागच्या बाकांवर ऐकू गेलं नाही."