पांढऱ्या सॉसच्या गुठळ्या

इंग्रज साहेब देश सोडून गेले, पण त्यांचा पांढरा सॉस धुळ्याच्या आमच्या गृहशास्त्र वर्गात ठाण मांडून बसला होता. घरी कुणी तो चाखणार नव्हतं, तरी परीक्षेत यायचाच. शिकवणारी मी. वय सव्वीस, तोंड तिखट.

नरडाण्याकडची एक विधवा माझ्या वर्गात होती. दिराने तिला एकच वर्ष दिलं होतं. पास झाली तर मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकघराची नोकरी, नाहीतर परत घरी, राबायला. हे मला पक्कं ठाऊक होतं.

तिचा हात लाडवाच्या बेसनावर तयार झालेला. मैदाही ती खमंग वास सुटेपर्यंत भाजायची आणि सॉस तांबूस व्हायचा. मी किती ओरडले असेन! दोन मोठे चमचे लोणी वितळवायचं, तेवढाच मैदा, मंद आचेवर दोनेक मिनिटं. रंग बदलायच्या आत खाली उतरवायचं, जरा निवू द्यायचं. मग पेलाभर कोमट दूध थोडंथोडं घालत घोटायचं, आणि गुळगुळीत झालं की पुन्हा आचेवर दाट करायचं. पावसाळा संपेतो तिचा सॉस माझ्यापेक्षा बरा होऊ लागला.

परीक्षेच्या दिवशी गवळी उशिरा आला. मी घाईघाईने दूध उकळलं आणि तसंच तिच्यापुढे ठेवलं. तिची कढई अजून शेगडीवर चुरचुरत होती.

"बाई, दूध ऊनऊन शे. जराखा थांबू का?" ती हळूच म्हणाली.

परीक्षक बाई घड्याळ बघत होत्या. माझं डोकं तापलं. "घाला आता, चर्चा नको!" मी खेकसले.

तिने घातलं. तापल्या मैद्याला उकळतं दूध लागताच तो जागच्या जागी आळला. ती जीव तोडून घोटत राहिली, पण गुठळ्या काही मोडेनात. परीक्षक बाईंनी एक गुठळी चमच्याने फोडली. आत कच्चट पीठ.

"दूध इतकं गरम घालायला कुणी सांगितलं?"

मी तिथेच, तिच्या खांद्याशी उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. नोकरी नवी होती, बाई मोठ्या गावाहून आलेल्या. माझी जीभ टाळ्याला चिकटली. एरवी जी कुणालाही सोडत नसे, तीच.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाली, "मन्हीच चूक शे."

नापास झाली. चार दिवसांनी दीर न्यायला आला. तिचं सामान म्हणजे एक वळकटी आणि पत्र्याची पेटी. निघताना ती वर्गात आली. आता तरी सांगावं, असं मनात आलं. पण दीर दारात उभा होता आणि मी पुन्हा भ्याले. लाज वाटते, पण हेच खरं.

ती वाकून माझ्या पाया पडली. आणि मी तिला पडू दिलं.