वाट पाहणाऱ्यांना कळवण्याचं फंक्शन

मी काय काम करते हे अंजनगावला आईला शेवटपर्यंत कळलं नाही. ती शेजारणींना सांगायची, "कंप्युटरवर टायपिंग करते." मी दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता. दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्राम तिसऱ्याला वापरता यावा म्हणून त्याची माहिती लिहायची, असं माझं काम, असं सांगितलं. आई म्हणाली, "मंग ज्यानं लिवला त्यालेच काहून नाई विचारत?" तिचं म्हणणं बरोबर होतं, पण तसं कुणी विचारत नव्हतं, त्यावरच माझी नोकरी चालली होती.

अमरावतीत आमचं ऑफिस एका कापडाच्या दुकानाच्या वर होतं. मालक, मी, आणि समोरच्या टेबलावर तो. तो प्रोग्राम लिहायचा, मी त्यांची माहिती लिहायची. बाकी मुलं येत, काम शिकत आणि पुण्याला जात. आम्ही दोघं राहिलो. बरीच वर्षं समोरासमोर बसलो, डबा वाटून खाल्ला, एकमेकांच्या चुका काढल्या. संध्याकाळी तो त्याच्या खोलीवर जायचा, मी माझ्या. माझ्या खोलीत एक पलंग, एक गॅस आणि एक खिडकी होती, आणि दिवसभरात मी माणूस म्हणून जे काही बोलायचे ते त्याच्याशीच बोलायचे. हे तेव्हा मला कुणी म्हटलं असतं तर मी चिडले असते.

मग एका सोमवारी तो आला नाही. दोन-चार दिवसांनी मालक म्हणाले, "तो गेला गावी. वावर पाहा लागते म्हने." तिवश्याच्या पुढं त्याचं गाव, तिथं घरची शेती. आजूबाजूच्या गावांतून तेव्हा पोरं शहराकडं पळत होती. हा उलटा गेला. मला एक शब्द न सांगता गेला. मालकांनी लगोलग त्याचा कंप्युटर फॉरमॅट करून बिलं काढायला घेतला. त्यात त्याचं सगळं लिखाण होतं हे त्यांना मी नंतर सांगितलं. ते म्हणाले, "अरे बाप्पा."

त्या वर्षी अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, आमचा प्रोग्राम चालत होता. कापसाची गाडी फाटकात आली की टोकन, मग वजन, मग ओलावा, मग पावती. वरवरच्या खिडक्या, म्हणजे स्क्रीन, ऑफिसातल्या दुसऱ्या एका मुलानं केल्या होत्या आणि त्यांचा कोड माझ्याजवळ होता. आतलं इंजिन मात्र त्याचं. ते तयार फाईलच्या रूपात उरलं होतं. बाहेरून पाहिलं तर तिच्यात फंक्शनांची, म्हणजे एकेक काम करणाऱ्या तुकड्यांची, फक्त नावं दिसायची. कोणत्या फंक्शनला काय द्यायचं, ते काय परत देतं, आत काय करतं, यातलं काही नाही. आणि यंत्राच्या भाषेतलं उलगडून वाचणारं आमच्यात कुणी नव्हतं.

जिनिंगवाल्यांनी स्वतःचा एक कंप्युटरवाला ठेवला होता. त्याला नवे स्क्रीन जोडायचे होते, म्हणून सगळ्या फंक्शनांची लेखी माहिती हवी होती. बहुतेकांची मी लिहिली. ती आमच्या स्क्रीनमधून कुठे ना कुठे बोलावलेली, म्हणजे वापरलेली होती, त्यामुळे काय दिलं जातं आणि काय परत येतं ते दिसत होतं. एकच राहिलं. नाव नोटिफाय-वेटिंग. म्हणजे वाट पाहणाऱ्यांना कळव. ते कुठेच बोलावलेलं नव्हतं.

आणि नेमकं तेच त्यांना हवं होतं. जिनिंगच्या व्यवस्थापकांचा फोन आला. मोठ्या घरचा, अदबीनं बोलणारा माणूस. घरात उर्दू, फाटकावर वऱ्हाडी. म्हणाले, "बाई, लाइन सडकेवर गेली. लोक कापसावरच झोपून राहिले, थंडी पाहा. तुमच्या लिस्टमध्ये ते वेटिंगवालं हाये ना, त्याची माहिती पैले पाठवा. मी बोर्डच लावतो, टोकन घ्या अन् घरी जा, नंबर आला की मोबाइलवर मेसेज येईन."

मी विचारलं, मेसेज आला नाही तर?

"तं नंबर गेला. मागचा पुढं येईन. अन् गेलेल्याले मंग लाइनीच्या शेवटाले उभं राहा लागन."

मालकांना मी सांगितलं की या फंक्शनचं मला नावाशिवाय काहीच माहीत नाही. ते पेपर वाचत होते. "नावातच तं सगळं हाये ताई. वाट पाहून राहिलेल्या लोकायले कळव. लिवून टाक ना पानभर, तुले काय जड हाये?"

जड नव्हतंच, हीच तर गोम. माझा हात त्यात तयार झाला होता. मी लिहायला बसले आणि पान भराभर उतरलं. रांगेतल्या गाडीवानांना त्यांचा क्रमांक जवळ आल्याचा संदेश पाठवते. टोकन क्रमांक आणि मोबाइल क्रमांक द्यावा. संदेश गेल्यास होकार, न गेल्यास नकार परत येतो. खाली एक उदाहरणही दिलं. वाचायला इतकं छान की माझाच विश्वास बसला. मग मी स्वतःला विचारलं, टोकन क्रमांक द्यायचा हे तुला कुणी सांगितलं? कुणीच नाही. होकार परत येतो? माझ्या मनानं. संदेश मोबाइलवरच जातो, की फाटकावरच्या पाटीवर आकडा बदलतो, की नुसती घंटी वाजते? नावात यातलं काहीही मावत होतं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं आपल्याकडं उगाच म्हणत नाहीत. मी सगळं पुसलं.

ऑफिसच्या कंप्युटरवर चालवूनही पाहिलं, काहीच न देता. चूक दाखवली नाही, काही घडलंही नाही. यावरून काय समजायचं? आमच्या चाचणीच्या यादीत वाट पाहणारं कुणी नसेल. संदेश पाठवायचं यंत्र जोडलेलं नव्हतं, म्हणूनही असेल. काही झालं नाही, एवढंच कळलं, आणि ते कळून उपयोग नव्हता.

त्याचा फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. मला राग आला होता आणि तो राग फंक्शनचा नव्हता.

रविवारी मी तिवश्याची एसटी धरली. पुढं काळीपिवळी जीप. गावात एका बाईनं घर दाखवलं, घरातल्या बाईनं वावर दाखवलं. तो वेचणीला आलेल्या बायांच्या मागं मागं गाठोडी उचलत होता. काळा पडला होता. मला पाहून दचकला नाही, की हसला नाही. "तू काहून आली वं?" म्हणाला, आणि बांधावर बाभळीखाली जागा झाडली.

मी कामाचं आधी विचारलं. मानी माणसाचं असंच असतं. नोटिफाय-वेटिंगला काय द्यायचं, ते काय परत देतं, संदेश कसा पाठवतं.

त्यानं हातातलं गाठोडं खाली ठेवलं. "ते रिकामं हाये," म्हणाला.

"रिकामं म्हणजे?"

"म्हन्जे आत काहीच नाई. नाव लिवलं, कंस लावले, बंद केलं. मेसेजचं मशीन घेऊ म्हने मालक, ते काई आलं नाई. मले वाटलं नाव तं ठेवून देऊ, मशीन आलं की आत लिवू. म्या गाड्यांवर झोपलेले लोक पाह्यले होते ना तथी, जिनिंगवर. करनारच होतो." मग जमिनीकडं बघून, "बोलावलं तं गप येते अन् गप जाते. आडातच नाई तं पोहऱ्यात कुठून येईन?"

त्यानं पाणी दिलं. बाया आमच्याकडं बघून आपसात काहीतरी बोलल्या आणि हसल्या. मी उठले, आणि उठता उठता, जे विचारायला आले होते ते विचारलं. जायच्या आधी मला का नाही सांगितलं?

"सांगनार होतो," तो म्हणाला.

तो गाठोडं उचलून बायांकडं गेला आणि मी सडकेकडं. परतीच्या एसटीत खिडकीला टेकून मी रडले. त्याची मी वाट पाहत होते हे मला कळलं, तेही तिथं, इतक्या वर्षांनी, आणि कळून काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पान लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात आखूड. हेतू: रांगेतल्या लोकांना कळवणे. काय द्यायचं: काही नाही. काय परत येतं: काही नाही. सध्याची स्थिती: आत काहीही लिहिलेलं नाही, बोलावल्यास चूक दाखवत नाही, पण कुणालाही संदेश जात नाही. याच्या भरवशावर कुणालाही घरी पाठवू नये. माहितीचा आधार: लिहिणाऱ्यानं स्वतः सांगितलेलं.

मालकांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. "आपलीच इज्जत आपल्याच हातानं? शेवटच्या दोन ओळी काढ. 'लवकरच उपलब्ध' लिव." मी म्हटलं, लवकर म्हणजे कधी, आणि लिहिणार कोण? त्यांनी पेन पुढं केलं. मी म्हटलं, ओळी काढायच्या तर माझंही नाव पगारातून काढा. ते म्हणाले, "तू लय बेकार बाई हायेस," आणि कागदावर शिक्का मारून दिला.

अकोल्याला मी स्वतःच गेले. फोनवर असलं सांगायला मला धीर झाला नसता. व्यवस्थापकांनी चहा मागवला, चष्मा लावून पान वाचलं, मग पुन्हा वाचलं. त्यांच्या मागं भिंतीला बोर्ड टेकलेला होता, रंग अजून ओला. टोकन घ्या, घरी जा, असं मोठ्या अक्षरांत, खाली उर्दूतही. ते उठले आणि त्यांनी तो अलगद धरून, रंग लागू नये अशा बेतानं, भिंतीकडं तोंड करून ठेवला.

"चांगलं केलं सांगितलं," म्हणाले. "माहा तं बोर्ड आज लागनार होता." मग खिडकीतून बाहेरच्या गाड्यांकडं पाहिलं. "आता या लोकायले काय सांगू?"

मी चहाचा कप खाली ठेवला. खरं लिहून मी लोकांचा नंबर वाचवला होता, आणि त्याच लोकांना आणखी थंडीत बसवलं होतं. दोन्ही एकाच पानानं झालं. शाबासकी कुणाकडून घ्यायची तेही कळेना.

फाटकातून बाहेर पडले तर गाड्यांची रांग नजर पुरेल तिथवर. बैल सोडलेले, धुरा जमिनीला टेकलेल्या, काही ठिकाणी तीन दगडांवर भाकरी चाललेली. मी आतून आले म्हणून एका गाडीवरचा म्हातारा कापसात उठून बसला. अंगावर घोंगडी होती.

"बाई, घरी जाऊन येऊ देतात म्हने. नंबर आला की कोनी कळवते का?"

मी म्हटलं, "नाई बाबा. कोनी कळवत नाई. इथंच थांबा."

त्यानं मान हलवली, जागा सारखी केली आणि पुन्हा आडवा झाला.